धुळवड कधी आणि रंगपंचमी कधी? पंचांग बघून स्वतः काढायची पद्धत (पुण्याच्या हिशोबाने)

होळी पेटली की दुसऱ्या दिवशी धुळवड आणि पाचव्या दिवशी रंगपंचमी, एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. गडबड अशी की ‘पाचव्या दिवशी’ म्हणजे कुठून मोजायचं हे कोणी सांगत नाही, मग सोसायटीच्या ग्रुपवर तीन तारखा फिरतात, त्यात कोणाच्या तरी लखनौच्या मामांनी चौथी पाठवलेली असते, आणि शेवटी चेअरमन वैतागून “ज्या दिवशी सुट्टी त्या दिवशी रंग” असं जाहीर करून टाकतात. पुण्यात नवीन आलेल्यांसाठी आणि पहिल्यांदाच सोसायटीच्या कल्चरल कमिटीत अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. पंचांग वाचता येत नसलं तरी चालेल, फक्त कोणतं तरी मराठी पंचांग किंवा तिथीची वेळ दाखवणारं कॅलेंडर हाताशी ठेवा.

आधी मुद्द्याची गोष्ट सांगून टाकतो. धुळवड मोजतात होळीवरून, आणि होळी ठरते संध्याकाळच्या तिथीवरून. रंगपंचमी मात्र ठरते सकाळच्या, म्हणजे सूर्योदयाच्या तिथीवरून. दोन सणांची मापंच वेगळी आहेत, म्हणून दोघांमधलं अंतर दरवर्षी सारखं येत नाही, कधी चार दिवस, कधी पाच. गेल्या काही वर्षांच्या तारखाच बघा ना, २०२१ मध्ये धुळवड २९ मार्चला आणि रंगपंचमी २ एप्रिलला, अंतर चार. २०२२ ला १८ आणि २२ मार्च, परत चार. मग २०२३ ला ७ आणि १२, २०२४ ला २५ आणि ३०, २०२५ ला १४ आणि १९, २०२६ ला ३ आणि ८, सलग चार वर्षं पाच. ‘धुळवड अधिक चार’ करून तारीख काढणारे लोक ही चारही वर्षं एक दिवस आधीच रंग घेऊन उभे राहिले असते.

पायरी १: तिथी संपते कधी ते बघा

तिथी म्हणजे तारीख नव्हे. तारीख रात्री बाराला बदलते, तिथी कधीही बदलू शकते, पहाटे, भर दुपारी, संध्याकाळी सहाला. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते, आणि चंद्राचा वेग सारखा नसतो, तो पृथ्वीच्या जवळ असला की पळतो आणि लांब असला की रेंगाळतो. म्हणून एखादी तिथी २० तासांत उरकते तर एखादी २६ तासांच्याही वर जाते. हे ध्यानात ठेवा, पुढे २०२२ च्या उदाहरणात लागणार आहे.

पंचांगात किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात तारखेखाली जी तिथी छापलेली असते ती त्या दिवशी सूर्योदयाला असलेली तिथी. आणि तिच्यापुढे जी वेळ असते ती तिथी संपायची वेळ. सुरू व्हायची नाही! नवीन माणूस इथेच चुकतो. ‘प्रतिपदा १६:४८’ असं दिसलं तर प्रतिपदा दुपारी पावणेपाचच्या सुमारास संपते आणि द्वितीया लागते असं वाचायचं. काही ठिकाणी २६:१० किंवा २८:२१ असे विचित्र आकडे दिसतील, त्यातून २४ वजा करा, म्हणजे मध्यरात्रीनंतरचे २:१० किंवा पहाटेचे ४:२१. पंचांगाचा दिवस सूर्योदय ते सूर्योदय असल्यामुळे मध्यरात्र उलटली तरी तो आदल्याच दिवसाच्या ओळीत लिहितात.

आपल्याला लागणाऱ्या तिथ्या मोजून सहा आहेत. फाल्गुन पौर्णिमा, आणि मग फाल्गुन वद्य (किंवा कृष्ण) प्रतिपदा ते पंचमी. एका कागदावर या सहांच्या संपायच्या वेळा उतरवून घ्या, बाकी पंचांग मिटून ठेवलं तरी चालेल.

पायरी २: होळीची संध्याकाळ नक्की करा

धुळवड होळीला बांधलेली असल्यामुळे आधी होळी. होळी पेटवायची ती प्रदोषकाळी पौर्णिमा असलेल्या दिवशी. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचे तीन मुहूर्त, ढोबळमानाने सव्वादोन ते अडीच तास. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात सूर्यास्त पावणेसातच्या जरा आधी होतो, महिनाअखेरीस पावणेसातच्या थोडा नंतर. तेव्हा आपला प्रश्न सोपा, पावणेसात ते साधारण नऊ या वेळात पौर्णिमा कोणत्या दिवशी आहे?

बहुतेक वेळा उत्तर एकच येतं. पौर्णिमा दोन तारखांवर पसरलेली असली तरी संध्याकाळ त्यातली एकच मिळते. दोन्ही संध्याकाळी पौर्णिमा सापडली, तर सर्वसाधारण निर्णय दुसऱ्या दिवसाचा असतो, कारण पौर्णिमेच्या पहिल्या अर्ध्या भागात भद्रा असते आणि भद्रेत होळी पेटवू नये असं सांगितलंय. हे भद्रा प्रकरण दरवर्षी ग्रुपवर पेटतं, आमच्याकडे तर होळीपेक्षा आधी तेच पेटतं. त्यात खोलात शिरत नाही, कारण भद्रेमुळे बहुतेक वेळा होळीची घटका मागेपुढे होते, तारीख नाही. २०२५ ला भद्रा १३ मार्चच्या रात्री साधारण साडेअकरापर्यंत होती, म्हणून काटेकोर लोकांनी होळी त्यानंतर पेटवली, बाकीच्यांनी नेहमीसारखी संध्याकाळी, पण तारीख दोघांची १३ च आणि धुळवडही दोघांची १४ लाच.

पायरी ३: धुळवड म्हणजे होळीची दुसरी सकाळ

ही पायरी सगळ्यात छोटी, वाद मात्र सगळ्यात जास्त. महाराष्ट्रातला रिवाज सरळ आहे, रात्री होळी, सकाळी धुळवड. होळीची राख विझलेली असते, ती अंगाला लावायची, जुनी माणसं होळीच्या निखाऱ्यांवर अंघोळीचं पाणी तापवायची, म्हणजे हा दिवस त्या आगीला चिकटलेलाच आहे. पंचांगात याच दिवशी करिदिन असंही लिहिलेलं असतं, कारण होळीचा दुसरा दिवस करिदिन धरतात. ही एक चांगली खूण आहे.

वाद निघतो तो असा, की कोणीतरी वाचलेलं असतं, “धूलिवंदन फाल्गुन वद्य प्रतिपदेला असतं.” मग तो माणूस कॅलेंडर उघडतो आणि त्याला दिसतं की होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात अजून पौर्णिमाच छापली आहे, प्रतिपदा त्याच्या पुढच्या दिवशी आहे. झालं, “धुळवड परवा आहे!” असा मेसेज सुटतो. वाचलेलं पुस्तकाच्या हिशोबाने चूक नाहीये, पण पौर्णिमा संध्याकाळी पकडून होळी केली की दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला बऱ्याचदा पौर्णिमाच शिल्लक असते, दुपारी किंवा संध्याकाळी प्रतिपदा लागते, आणि तरी आपण धुळवड त्याच दिवशी करतो. प्रतिपदेची म्हणून जी धार्मिक कृत्यं सांगितली आहेत, वसंतोत्सव, आंब्याचा मोहोर खाणं वगैरे, ती काटेकोर पाळणारे लोक उदयाच्या प्रतिपदेला करतात, म्हणून काही वर्षी धूलिवंदन एका चौकोनात आणि वसंतोत्सव त्याच्या पुढच्या चौकोनात दिसू शकतो. ते प्रिंटिंग मिस्टेक नसतं.

इथेच कागदावर एक खूण करून ठेवा: धुळवडीच्या सकाळी सूर्योदयाला पौर्णिमा आहे का प्रतिपदा? पुढच्या पायरीचं अर्धं उत्तर यात आहे.

पायरी ४: रंगपंचमी, सूर्योदय धरून

आता होळी विसरा. खरंच विसरा, कारण रंगपंचमीला होळीपासून दिवस मोजायचेच नाहीत. फाल्गुन वद्य पंचमी ज्या दिवशी सूर्योदयाला आहे तो दिवस शोधायचा, संपलं. त्यासाठी पुण्याचा सूर्योदय लागतो, मार्चच्या सुरुवातीला तो सात वाजायला आठ मिनिटं कमी असा असतो, २२ मार्चच्या आसपास ६:३७ च्या दरम्यान, आणि एप्रिल लागेपर्यंत साडेसहाच्या खाली येतो.

२०२६ चं उदाहरण पूर्ण करून बघू, त्यात जवळपास सगळा घोळ एका आठवड्यात होता. पौर्णिमा लागली सोमवारी २ मार्चला संध्याकाळी ५:५५ ला आणि संपली मंगळवारी ३ तारखेला संध्याकाळी ५:०७ ला. पुण्यात सूर्यास्त ६:४१. म्हणजे २ तारखेला सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पौर्णिमा लागलेली होती, प्रदोष पूर्ण पौर्णिमेत. ३ तारखेला मात्र सूर्यास्ताच्या दीड तास आधीच पौर्णिमा संपली, संध्याकाळी प्रतिपदा. तेव्हा होळी २ लाच. धुळवड ३ ला, मंगळवारी. राज्य सरकारची सुट्टीही ३ ची होती.

आणि त्याच ३ तारखेला खग्रास चंद्रग्रहण. आपल्याकडे चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला, आणि पावणेसातनंतर दोनेक मिनिटांत सुटलाही. त्यामुळे ग्रहणाचे वेध पाळणाऱ्या घरांत धुळवडीच्या मटणाचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न, त्यात मंगळवार, त्यात सकाळी पौर्णिमा! धुळवडीला मटणाच्या दुकानापुढे लागणारी लाईन बघून सणाचा अंदाज बांधणाऱ्यांनी त्या वर्षी अंदाज बांधू नयेत हेच बरं. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी रंग ४ मार्चला खेळले गेले, केंद्र सरकारच्या यादीतली होळीची सुट्टीही ४ ची होती, त्यामुळे हिंजवडी-खराडीकडच्या ज्या कंपन्यांची सुट्टी दिल्ली ऑफिसवरून ठरते तिथले लोक ३ ला कामावर आणि ४ ला घरी, असा प्रकार होऊ शकतो.

आता पंचमी. सूर्योदयाची तिथी एकेक दिवस लिहित जाऊ. ३ च्या सकाळी पौर्णिमा. ४ च्या सकाळी प्रतिपदा, ती दुपारी ४:४८ ला संपली. ५ च्या सकाळी द्वितीया, ६ च्या सकाळी तृतीया, ती संध्याकाळी ५:५३ पर्यंत. ७ च्या सकाळी चतुर्थी, ती संध्याकाळी ७:१७ पर्यंत, तिथून पंचमी सुरू, आणि ८ च्या सकाळी सूर्योदयाला पंचमी, जी रात्री ९:१० ला संपली. रंगपंचमी रविवार ८ मार्च. ‘धुळवड अधिक चार’ केलं असतं तर शनिवार ७ आला असता, आणि शनिवारी अख्खा दिवस चतुर्थी होती. पाचवा दिवस कुठून आला ते आता दिसेल, धुळवडीच्या सकाळी पौर्णिमाच होती, म्हणजे पहिली तिथी सूर्योदयाच्या हिशोबात एक दिवस उशिरा आली आणि पुढचं सगळं एक दिवस सरकलं.

मध्येच एक चेक करून घेता येतो, आणि तो पुण्यात राहणाऱ्याला फुकटात मिळतो. वद्य द्वितीयेला तुकाराम बीज असते, देहूला जायच्या गाड्या, दिंड्या, ट्रॅफिकच्या बातम्या यावरून ती तारीख कोणालाही कळते. तिथी मध्ये घसरली किंवा दोनदा आली नाही तर बीजेपासून तिसऱ्या दिवशी पंचमी. २०२६ ला बीज ५ मार्चला होती, ५ अधिक ३ म्हणजे ८, बरोबर. २०२५ ला बीज १६ मार्च, रंगपंचमी १९. २०२४ ला बीज २७, रंगपंचमी ३०. धुळवडीपेक्षा बीजेवरून मोजणं जास्त भरवशाचं, कारण बीज आणि पंचमी दोन्ही सूर्योदयाने ठरतात.

मात्र संकष्टीवरून मोजू नका. संकष्टी चतुर्थीची असली तरी ती चंद्रोदयाला चतुर्थी असलेल्या दिवशी धरतात. २०२६ ला संकष्टी शुक्रवारी ६ तारखेला होती, त्या रात्री चंद्र उगवताना चतुर्थी होती म्हणून, सकाळी तर तृतीया होती. “काल संकष्टी झाली म्हणजे आज पंचमी” असं म्हणून ७ तारखेला रंग खेळणारा माणूस चतुर्थीत रंग खेळला. तृतीयेला तिथीप्रमाणे शिवजयंती असते, तीही ६ लाच होती, म्हणजे तृतीयेची जयंती आणि चतुर्थीची संकष्टी एकाच दिवशी. नवीन माणसाला हे बघून चक्कर येते पण नियम लावला की दोन्ही बरोबर आहेत.

पायरी ५: तिथी गायब झाली किंवा दोनदा आली तर

धुळवडीच्या सकाळी पौर्णिमा असेल तर अंतर पाच, प्रतिपदा असेल तर चार, असा सोपा फॉर्म्युला आता डोक्यात आला असेल. बराचसा बरोबर आहे, पण २०२२ त्याला फसवतं.

२०२२ ला पौर्णिमा १७ मार्चला दुपारी दीडच्या आसपास लागली आणि १८ ला दुपारी पाऊणनंतर लगेच, १२:४७ ला संपली. होळी १७, धुळवड १८, आणि १८ च्या सकाळी पौर्णिमाच. फॉर्म्युल्याने रंगपंचमी २३ यायला हवी. आली २२ ला. का? कारण त्या आठवड्यात चंद्र पृथ्वीच्या जवळ येत होता, पळत होता, आणि प्रत्येक तिथी २४ तासांपेक्षा कमी भरत होती. प्रतिपदा १९ ला ११:३७ ला संपली, द्वितीया २० ला १०:०६ ला, तृतीया २१ ला सकाळी ८:२० ला, चतुर्थी २२ ला सकाळी ६:२४ ला. दर दिवशी दीड-दोन तास मागे. आता पुण्याचा सूर्योदय ठेवा शेजारी. २१ ला सूर्योदयाला तृतीया. २२ ला सूर्योदय ६:३७ ला, तोपर्यंत चतुर्थी संपून तेरा मिनिटं झालेली, म्हणून सूर्योदयाला पंचमी. चतुर्थीला एकही सूर्योदय मिळाला नाही, ती क्षय तिथी झाली, कॅलेंडरमध्ये तिसरी नंतर थेट पाचवी. आणि अंतर पाचाचं चार झालं.

गंमत नागपूरची. तिथे सूर्योदय आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी होतो, २२ मार्चला साडेसहाच्या बराच आधी, म्हणजे ६:२४ च्या अगोदरच. तिथल्या सूर्योदयाला अजून चतुर्थी होती, पंचमी नंतर लागली आणि २३ च्या पहाटे ४:२१ ला, पुढचा सूर्योदय व्हायच्या आत संपली. तिथे क्षय चतुर्थीचा नाही, पंचमीचा झाला! एकच आकाश, एकच राज्य, पण कोणती तिथी गायब होते ते गावागणिक बदललं. अशा वेळी रंगपंचमी रद्द होत नाही, पंचमी ज्या दिवसात राहून गेली तोच दिवस धरायचा, आणि तो नागपुरातही २२ च येतो. ॲपवर गाव चुकीचं लागलं असेल तर सणाची तारीख कदाचित तीच येईल पण चौकोनातला तिथीचा आकडा वेगळा दिसेल, आणि मग ग्रुपवर स्क्रीनशॉटची लढाई सुरू होईल.

उलटा प्रकार वृद्धीचा. चंद्र लांब असताना तिथ्या मोठ्या होतात, २०२६ च्या त्या आठवड्यात तसंच चाललं होतं, म्हणूनच संपायच्या वेळा ४:४८ वरून ५:५३, ७:१७, ९:१० अशा पुढे पुढे जाताना दिसतात. एखादी तिथी सूर्योदयाच्या जरा आधी लागली आणि पुढच्या सूर्योदयानंतरही थोडी उरली की तिला दोन सूर्योदय मिळतात आणि कॅलेंडरमध्ये तोच आकडा दोन चौकोनांत छापला जातो. पंचमीच्या आधीची एखादी तिथी अशी दोनदा आली तर रंगपंचमी आणखी एक दिवस पुढे. आणि पंचमीच दोनदा आली तर स्वतः निर्णय द्यायला जाऊ नका, पंचांगकर्त्याने ‘रंगपंचमी’ हा शब्द ज्या चौकोनात छापलाय तो घ्या, त्यासाठीच तर पंचांग असतं.

कुठे चुकतं आणि कसं ओळखायचं

पहिली चूक हिंदी पंचांगाची. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे होळीनंतर तिकडे चैत्र लागतो, आणि आपली फाल्गुन वद्य पंचमी त्यांच्याकडे चैत्र कृष्ण पंचमी होते. दिवस तोच, नाव वेगळं. पण तुम्ही हिंदी ॲपवर ‘फाल्गुन कृष्ण पंचमी’ शोधलीत तर ती होळीच्या आधीची, एक महिना अलीकडची सापडेल. ओळखायचं सोपं आहे, होळीच्या आधीची तारीख आली की चुकीचं पान उघडलंय. ॲपच्या सेटिंगमध्ये अमान्त आणि पूर्णिमान्त असे पर्याय असतात, अमान्त निवडा, आणि शहर पुणे करा, बऱ्याच ॲपवर बाय डिफॉल्ट दिल्ली किंवा उज्जैन असतं.

शहराचा फरक नुसता तिथीच्या आकड्यापुरता नाही, होळीही हलू शकते. २०२३ मध्ये पौर्णिमा ७ मार्चला संध्याकाळी ६:०९ ला संपली. पुण्यात तेव्हा सूर्य मावळायला अर्धा तास होता, म्हणजे ७ च्या प्रदोषात पौर्णिमा नाही, आपली होळी ६ ला आणि धुळवड ७ ला. पूर्वेकडे कोलकात्याच्या बाजूला मात्र सूर्य तोपर्यंत मावळलेला होता, पौर्णिमा ७ च्या प्रदोषाला थोडी का होईना शिवत होती. म्हणून तिकडच्या नातेवाइकांची तारीख वेगळी आली तर त्यांना चूक म्हणायच्या आधी त्यांचा सूर्यास्त बघा.

दुसरी चूक तिथी लागली की सण सुरू असं समजायची. पंचमी ७ ला संध्याकाळी सव्वासातला लागली तरी रंग ८ ला सकाळीच. उलट बाजूने, पंचमी रंगपंचमीच्या दुपारीच संपत असेल तर “बारानंतर रंग चालणार नाही” असंही कोणी म्हणेल, तर तसं काही नाही, सूर्योदयाची तिथी तो पूर्ण दिवस घेऊन जाते.

तिसरी गोष्ट सुट्टीची. सरकारी सुट्टी धुळवडीची असते, यादीत तिला ‘होळी, दुसरा दिवस’ म्हणतात. रंगपंचमीला सरसकट सुट्टी नाही. पूर्वी पुण्यात रंग म्हणजे रंगपंचमीच, धुळवडीला माती, राख, चिखल, आणि पेठांतली बरीच मंडळं अजूनही पंचमीचीच वाट बघतात, नाशिकला तर रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात ते पंचमीलाच. पण बाणेर, वाकड, खराडीच्या सोसायट्यांत अर्धं पब्लिक बाहेरचं, त्यांची होळी म्हणजे रंग, आणि सुट्टी धुळवडीला, त्यामुळे तिथे रंग धुळवडीलाच उरकतो. माझं मत विचाराल तर दोन्ही दिवस रंग खेळायची जबरदस्ती नको, मार्चमध्ये टँकरचं पाणी आणि त्यात दोनदा पाइप सोडायचे म्हणजे कठीण आहे. सोसायटीने आधीच ठरवून घ्यावं कोणता दिवस रंगाचा.

नोटीस लिहिताना नुसतं ‘होळी’ लिहू नका, नवीन लोकांना होळी म्हणजे पेटवायची का खेळायची ते कळत नाही. २०२६ ची नोटीस अशी लिहिता आली असती: “होळी पेटवणे सोमवार २ मार्च, संध्याकाळी. धुळवड मंगळवार ३ मार्च, सकाळी. रंगपंचमी रविवार ८ मार्च, सकाळी १० ते १. इतर प्रांतांतल्या कॅलेंडरमध्ये ४ मार्च दिसेल, आपला कार्यक्रम ३ लाच आहे.” शेवटची ओळ आवर्जून घाला, नाहीतर ४ ला सकाळी दोन-तीन पोरं पिचकारी घेऊन खाली येतात आणि वॉचमनला विचारत बसतात की बाकीचे कुठे गेले.